पत्रिकेतला राहू-केतूचा 1-7 अक्ष: जोडीदाराची ओढ आणि ऋणानुबंध कसा वाचायचा

पहिल्यांदा स्वतःची पत्रिका हातात घेतली तेव्हा मी खालच्या चौकटीत ‘रा’ हे अक्षर पाहिलं, शेजारी 10 हा आकडा पाहिला आणि वहीत लिहिलं, ‘राहू दहाव्या घरात, नोकरीत उलथापालथ.’ दोन वर्षं मी नोकरीच्या खुणा शोधत बसले. तो राहू दहाव्या घरात नव्हताच, सातव्यात होता. म्हणजे जोडीदाराच्या घरात. नात्यांबद्दल मला जे समजून घ्यायचं होतं ते त्याच चौकटीत होतं, आणि मी ते ऑफिसात शोधत होते.

नव्याने पत्रिका वाचणाऱ्यांचं असं होऊ नये म्हणून हा लेख. राहू-केतू बारा घरांत मिळून सहा प्रकारे बसतात. त्यांतला एकच प्रकार इथे घेते आहे: एक लग्नात, म्हणजे पहिल्या घरात, आणि दुसरा सप्तमात, म्हणजे सातव्या घरात. ‘मी’ आणि ‘तो किंवा ती’ यांच्यातली ओढाताण सगळ्यांत उघडपणे याच अक्षावर वाचतात. पुढे फळं म्हणून जे सांगितलं आहे ते परंपरेतलं आणि जाणकारांच्या अनुभवातलं वाचन आहे. प्रयोगशाळेत मोजून सिद्ध झालेली ही गोष्ट नाही, आणि हे लक्षात ठेवूनच मी ती वापरते.

लागणारं साहित्य

- जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जन्मवेळ. वेळ कुठून मिळाली तेही लिहून ठेवा: दवाखान्याचा कागद, घरातली नोंद की कुणाची आठवण.
- पत्रिका मांडणारं कोणतंही सॉफ्टवेअर किंवा ॲप, ज्यात ग्रहांचे अंश-कला, नक्षत्र-चरण, नवमांश आणि विंशोत्तरी दशा दिसतात.
- एक वही. तिच्यात नात्यांच्या तारखा लिहायच्या: ओळख कधी झाली, कधी जवळीक झाली, कधी बिनसलं. महिना-वर्ष पुरेसं आहे.

## 1. आधी वही भरा, मग पत्रिका उघडा

हा क्रम बदलू नका. राहूची अंतर्दशा, म्हणजे एखाद्या ग्रहाच्या मोठ्या कालखंडातला राहूचा छोटा टप्पा, कधी होती हे एकदा कळलं की आठवणी आपोआप तिच्याभोवती गोळा व्हायला लागतात. जे प्रकरण 2012 मध्ये सुरू झालं ते ‘खरं तर 2013 मध्येच गंभीर झालं’ असं मन सांगू लागतं. तारखा आधी शाईने लिहिलेल्या असल्या की ही पळवाट राहत नाही.

## 2. जन्मवेळेची खात्री करा

राहू एका राशीत साधारण दीड वर्ष असतो. म्हणजे तुमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा राहू तुमच्याच राशीत असतो. त्यामुळे ‘मकरेचा राहू म्हणजे जोडीदार असा’ यासारख्या विधानांत तुमच्यापुरतं असं काही नसतं, ते सबंध पिढीला लागू होतं. तुमचं म्हणून जे काही आहे ते राहू कोणत्या घरात पडला यात, आणि घर ठरतं लग्नावरून, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून. लग्नराशी सुमारे दोन तासांनी बदलते. म्हणून वेळ चुकली तर सगळंच वाचन एका घराने सरकतं.

माझी नोंद ‘सकाळी पावणेसात’ अशी आहे, जुलै 1990 च्या शेवटच्या आठवड्यातली. लग्न येतं कर्क 16 अंश. तासभर उशीर धरला तर लग्न सिंहेत जातं आणि राहू सप्तमातून षष्ठात. जोडीदाराचं घर सोडून रोग-ऋण-शत्रूंच्या घरात! मी आईला, मावशीला, जुन्या शेजारीणबाईंना वेगवेगळं विचारलं. तिघींनीही ‘ऊन नुकतं अंगणात आलं होतं’ अशाच अर्थाचं सांगितलं. सूर्य तेव्हा कर्केत 8 अंशांवर होता. लग्न त्याच्या 8 अंश पुढे, म्हणजे सूर्योदयाला अर्धा-पाऊण तास झालेला. हे जुळलं, म्हणून कर्क लग्न मी धरलं. तुमच्याकडेही अशी एखादी खूण असेल: दुपारची शाळा सुटली होती, बातम्या लागल्या होत्या, दिवे गेले होते. तिच्यावरून निदान लग्नराशी तरी पक्की होते.

लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांवर असेल आणि वेळ आठवणीतली असेल, तर इथेच थांबा. दोन्ही लग्नांच्या पत्रिका काढा आणि दोन्ही पुढच्या पायऱ्यांतून न्या.

## 3. पत्रिका मांडताना दोन सेटिंग तपासा

पहिलं अयनांशाचं. लाहिरी म्हणजे चित्रापक्ष अयनांश निवडा आणि तोच कायम ठेवा. एका ॲपवर एक, दुसऱ्यावर दुसरा असं केलं की नक्षत्राचे चरण बदलतात आणि गोंधळ सुरू होतो.

दुसरं सेटिंग राहूचंच आहे. राहू-केतू हे आकाशातले गोळे नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते हे बिंदू, म्हणूनच ते नेहमी एकमेकांसमोर बरोबर 180 अंशांवर असतात. या बिंदूची सरासरी गती धरून काढलेला तो मध्यम राहू आणि प्रत्यक्षातलं पुढे-मागे हलणं धरून काढलेला तो स्पष्ट राहू. ॲपमध्ये त्यांना मीन नोड आणि ट्रू नोड म्हणतात. (इथला ‘मीन’ सरासरी या अर्थाचा आहे, मीन राशीशी त्याचा संबंध नाही.) दोघांत दीड अंशापर्यंत आणि कधी किंचित जास्तही फरक पडतो. माझा मध्यम राहू मकर 13 अंश 50 कला आहे, स्पष्ट राहू साधारण पाव अंश मागे. घर, नक्षत्र, चरण दोन्हींत तेच, म्हणून मला काळजी नाही. तुमचा राहू राशीच्या किंवा नक्षत्राच्या उंबरठ्यावर असेल तर दोन्ही पाहून घ्या.

## 4. घर ओळखा: आकडा राशीचा असतो

आता माझी सुरुवातीची चूक. आपल्याकडच्या चौकोनी पत्रिकेत घरं जागेवर पक्की असतात. वरची मधली चौकट म्हणजे लग्न, पहिलं घर. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत गेलं की खालची मधली चौकट सातवी येते. चौकटीतला आकडा घराचा नाही, राशीचा असतो. 1 मेष, 4 कर्क, 10 मकर. माझ्या वरच्या चौकटीत 4 आहे आणि खालच्या मधल्या चौकटीत 10. तो 10 म्हणजे मकर रास, आणि घर सातवं.

‘रा’ किंवा ‘के’ यांपैकी एक वरच्या मधल्या आणि दुसरा खालच्या मधल्या चौकटीत असेल, तर तुमचा अक्ष 1-7 चा. बारांपैकी दोन घरांत राहू पडला की हा अक्ष होतो, म्हणजे सरासरीने दर सहा माणसांत एकाला तो असतो. ‘तुमच्या पत्रिकेत फारच दुर्मिळ आणि भयंकर योग आहे’ असं सांगून कुणी शांतीची यादी पुढे करत असेल तर हा हिशेब आठवा. सहांतल्या एकाचं लग्न मोडत नाही आणि सहांतला एक जन्मभर एकटाही राहत नाही.

## 5. राहू कुठल्या टोकाला आहे ते पाहा

दोन्ही टोकांचं वाचन वेगळं आहे, आणि नवखे इथे फक्त सप्तम पाहून लग्नाला विसरतात. अक्ष नेहमी दोन्ही बाजूंनी एकदमच वाचायचा.

लग्नात केतू, सप्तमात राहू. केतू जिथे असतो तिथे माणूस अलिप्त किंवा काहीसा उदास असतो असं मानतात. पूर्वजन्मांत ती गोष्ट पुरेपूर करून झाली आहे, आता तिच्यात रस उरलेला नाही, अशी त्यामागची कल्पना. तो लग्नात असला की ही अलिप्तता स्वतःबद्दलच असते. मला काय हवं, मी कोण, याची उत्तरं धूसर. उलट राहू म्हणजे न भागणारी भूक. तो सप्तमात असला की ती भूक दुसऱ्या माणसाकडे वळते. अशा माणसाला आपल्या घरापेक्षा, जातीपेक्षा, भाषेपेक्षा वेगळ्या जोडीदाराची ओढ वाटते, ती एकदम आणि फार जोरात वाटते, आणि समोरच्याच्या डोळ्यांतून स्वतःला पाहण्याची सवय लागते असं सांगतात. जे मिळालं नाही ते मोठं दिसतं. मिळालं की ‘एवढंच होतं का?’ असं वाटतं.

लग्नात राहू, सप्तमात केतू. इथे भूक स्वतःला घडवण्याची, आणि जोडीदाराच्या घरात अलिप्तता. असे लोक बहुतेक वेळा सांगतात की जोडीदार भेटला तेव्हा नवं काही वाटलंच नाही, जुनी ओळख असल्यासारखं वाटलं. धडधड कमी, सहजपणा जास्त. पुढे हाच सहजपणा दुर्लक्षाकडे झुकतो: जोडीदार घरात असतो पण त्याच्याशी बोलायचं राहून जातं, किंवा जोडीदारच मनाने कुठेतरी दूर असतो. या टोकाबद्दल ‘वैराग्य’, ‘विभक्ती’ असे जड शब्द वापरले जातात. मी ज्या पत्रिका पाहिल्या त्यांत विभक्तीपेक्षा हे न बोलणंच जास्त दिसलं.

जुन्या ग्रंथांत सप्तमातल्या राहूची फळं फार कडक शब्दांत दिली आहेत, आणि ती पुरुषाच्या पत्रिकेतून पत्नीबद्दल लिहिलेली आहेत. ती जशीच्या तशी आजच्या मुलीच्या पत्रिकेला लावू नका. त्यातला गाभा घ्या: चौकटीबाहेरची, तीव्र, न भागणारी ओढ.

## 6. राहूला स्वतःचं घर नाही, म्हणून घरमालक शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ॲपवरच्या तयार मजकुरात हमखास गाळलेली. राहू-केतू ज्या राशीत बसतात तिच्या स्वामीच्या तालावर वागतात असं मानतात. ‘शनिवत् राहू, कुजवत् केतू’ हे वचन सगळेच ऐकवतात, पण ते वाचनाच्या सुरुवातीला धरायचं. पुढची हकीकत घरमालकाकडून कळते. राहू सप्तमात असेल तर हा घरमालक म्हणजेच सप्तमेश, म्हणजे जोडीदाराच्या घराचा मालक. त्यामुळे त्याला दुप्पट वजन द्यायचं.

माझ्या पत्रिकेत राहू मकरेत, मकरेचा स्वामी शनी. शनी धनू राशीत 27 अंशांवर, वक्री, आणि घर सहावं. सहावं घर सेवेचं, रोजच्या कष्टाचं, तंट्याचं. मी वहीत दोन वाक्यं लिहिली: ‘ओढ ज्या माणसाकडे जाईल तो वयाने किंवा वृत्तीने मोठा असेल. नात्यात मी सेवा करणारी होईन, आणि तंटे-कज्जे होतील.’

मग नक्षत्र. राहू श्रवणात आहे, श्रवणाचा स्वामी चंद्र, आणि चंद्र माझ्या दुसऱ्या घरात, सिंहेत. दुसरं घर वाणीचं आणि कुटुंबाचं. श्रवण म्हणजे ऐकणं. म्हणून तिसरं वाक्य: ‘माझी ओढ कानातून सुरू होईल. बोलणं आवडेल, माणूस नंतर दिसेल.’

शेवटी शुक्र, कारण आकर्षणाचा कारक तोच. माझा शुक्र मिथुनेत 12 अंशांवर, बाराव्या घरात. नक्षत्र आर्द्रा, आणि आर्द्रेचा स्वामी पुन्हा राहू. आर्द्रा, स्वाती, शततारका ही तीन नक्षत्रं राहूची. शुक्र यांपैकी एकात असला की सप्तमातल्या राहूला दुसरीकडूनही दुजोरा मिळाला असं धरतात. तुमच्या पत्रिकेत राहू सप्तमात आहे, पण शुक्राचा राहूशी युतीने, दृष्टीने किंवा नक्षत्राने काहीच संबंध नाही, असं असेल तर तीव्र ओढीचं वाचन बरंच सौम्य करा. एकाच खुणेवर वाक्य लिहू नका, दोन खुणा जुळल्या तरच लिहा.

## 7. कोण आवर घालतं ते पाहा

सप्तमातल्या राहूवर गुरूची दृष्टी असेल तर ओढीला विवेकाचा लगाम मिळतो असं मानतात. माझा गुरू लग्नात कर्केत, उच्च राशीत, आणि सातवी दृष्टी थेट राहूवर. हे पाहून मी फार खूष झाले होते. मग अंश पाहिले. गुरू 1 अंशावर, सूर्य 8 अंशांवर. सूर्यापासून 11 अंशांच्या आत गुरू आला की तो अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या तेजात लपलेला, धरतात. लगाम आहे, पण हातात उशिरा येणारा, असं मी ते वाचलं.

एक-दोन ओळींत सांगायचं तर शनीची दृष्टी उशीर आणि जबाबदारी आणते, मंगळाची घाई आणि भांडण. पण राशी-दृष्टी जुळली म्हणून लगेच उड्या मारू नका, अंशही बघा. अंशांनी जवळ असलेल्या ग्रहाचा परिणाम जास्त धरतात.

## 8. नवमांश पाहा, पण त्यावर भार टाकू नका

विवाहासाठी नवमांश, म्हणजे प्रत्येक राशीचे नऊ भाग करून काढलेली पत्रिका, पाहायचा असं सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे. माझा राहू मकरेत 13 अंश 50 कलांवर म्हणजे पाचव्या नवमांशात, वृषभेत. नवमांश लग्न वृश्चिक. म्हणजे तिथेही केतू लग्नात आणि राहू सप्तमात! जन्मपत्रिकेतला अक्ष नवमांशात जसाच्या तसा. हे दिसलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जन्मवेळ तीन-चार मिनिटांनी पुढे करून पाहिली. नवमांश लग्न धनू झालं आणि तो जुळलेला अक्ष विस्कटला. नवमांश लग्न साधारण दर 13-14 मिनिटांनी बदलतं, आणि माझं लग्न नेमकं त्याच्या शेवटाला आलेलं. ‘पावणेसात’ ही वेळ कुणीतरी घड्याळ पाहून जवळच्या पाच-दहा मिनिटांत बसवलेली असणार. म्हणून आता मी राहूची नवमांशातली राशी विचारात घेते, कारण ती मिनिटांवर अवलंबून नसते. नवमांशातलं घर मात्र पेन्सिलीने लिहिते. तुमची वेळ 6:45, 10:30, 4:00 अशी गोल असेल तर तुम्हीही तेच करा.

## 9. केव्हा: दशा आणि गोचर

पत्रिकेतली ओढ जन्मभर एकसारखी जाणवत नाही. ती दशेत जागी होते असं मानतात. विंशोत्तरीत राहूची महादशा 18 वर्षांची, केतूची 7 वर्षांची. त्या वाट्याला तरुणपणी आल्या नाहीत तरी त्यांच्या अंतर्दशा प्रत्येक महादशेत येऊन जातात, आणि नात्यांसाठी त्याच जास्त उपयोगी पडतात.

माझा जन्म पूर्वा फाल्गुनीवरचा, म्हणजे जन्मतः शुक्राची दशा, साधारण 16 वर्षं शिल्लक. मग रवीची 6 वर्षं, मग चंद्राची 10. चंद्राच्या महादशेत राहूची अंतर्दशा 18 महिन्यांची असते. माझी ती 2013 च्या अखेरीपासून 2015 च्या मध्यापर्यंत होती. इथेही जन्मवेळेचा हिशेब आहेच: माझ्या पत्रिकेत तासाभराची चूक झाली तर दशेच्या तारखा नऊ-दहा महिन्यांनी सरकतात. म्हणून दशेवरून महिना काढू नका, फार तर वर्ष.

गोचराचा, म्हणजे ग्रह त्या-त्या वेळी आकाशात कुठे आहेत याचा, हिशेब याहून पक्का, कारण त्याला जन्मवेळ लागत नाही. राहू राशिचक्राची फेरी साधारण 18.6 वर्षांत पुरी करतो. म्हणून वयाच्या सुमारे अठराव्या-एकोणिसाव्या आणि सदतिसाव्या वर्षी तो जन्मस्थानी परततो, आणि त्याच्या मधोमध, साधारण नवव्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी, जन्मस्थ केतूवर येतो. 1-7 अक्षवाल्यांसाठी याचा अर्थ असा की अठ्ठाविशीच्या आसपास अक्ष उलटा होतो: भूक अक्षाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. माझ्यासाठी राहू कर्केत 2017 च्या उत्तरार्धापासून 2019 च्या सुरुवातीपर्यंत होता, आणि केतूच्या नेमक्या अंशावर 2018 च्या मध्याला.

## 10. आता वही आणि पत्रिका शेजारी ठेवा

माझ्या वहीत काय होतं ते सांगते. जानेवारी 2014, ओळख. एका अभ्यासवर्गात तो शिकवायला होता, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, मातृभाषा वेगळी. पहिले दोन महिने मी त्याला फक्त फोनवर ऐकलं. त्याच्या आवाजात शब्दांच्या शेवटी एक हेल यायचा. तो हेल ऐकण्यासाठी मी मुद्दाम लांबलचक उत्तरं लागतील असे प्रश्न विचारायची. सहा महिन्यांत मी माझ्या मैत्रिणींशी बोलताना त्याचीच वाक्यं वापरू लागले होते. कुठलं पुस्तक आवडलं विचारलं तर आधी त्याला काय वाटेल हे मनात यायचं. मे 2015 मध्ये ते संपलं. भांडण झालं नाही. एका संध्याकाळी मला कळलं की काय जेवायचं हे सुद्धा मला ठरवता येत नाहीये, आणि मी घाबरले.

जुळणी करताना मी प्रत्येक वाक्यापुढे बरोबर, चूक किंवा सांगता येत नाही असं लिहिलं. कानातून सुरू झालेली ओढ: बरोबर. वयाने मोठा: बरोबर. राहूच्या अंतर्दशेत: बरोबर. लग्नातल्या केतूची धूसरता, म्हणजे स्वतःची आवडनिवड हरवणं: बरोबर, आणि हे वाचताना अंगावर काटा आला. ‘तंटे-कज्जे होतील’: साफ चूक, आमच्यात आवाज सुद्धा चढला नाही. ‘मी सेवा करणारी होईन’: सांगता येत नाही. गुरूचा उशिरा येणारा लगाम: हेही सांगता येत नाही, कारण शेवटी जाग आली ती कशामुळे हे मला आजही ठाऊक नाही.

चुकलेली वाक्यं खोडू नका. सहाव्या घरातला सप्तमेश म्हणजे कोर्टकचेरी हे मी पाठ करून लिहिलं होतं. ते चुकलं म्हणून आता दुसऱ्यांच्या पत्रिकेत मी ते वाक्य लिहायला कचरते.

2018 च्या मध्याला वहीत एकच नोंद आहे: ‘एकटी राहायला गेले. पडदे मीच निवडले, पिवळे.’ अक्ष उलटा झाला की राहू लग्नात येतो आणि स्वतःला घडवण्याची भूक लागते, असं वाचन आहे. मी ते बरोबर या रकान्यात टाकलं, पण शेजारी हेही लिहिलं की अठ्ठाविसाव्या वर्षी पुष्कळ लोक एकटे राहायला जातात.

## 11. दोघांच्या पत्रिका एकावर एक ठेवताना

जोडीदाराची पत्रिका मिळाली तर त्याचे ग्रह तुमच्या राहू किंवा केतूच्या जवळ, चार-पाच अंशांच्या आत, पडतात का ते पाहा. त्याचा शुक्र किंवा चंद्र तुमच्या राहूवर पडला तर ओढ, केतूवर पडला तर जुनी ओळख असल्याची भावना, असं मानतात.

इथे एक सापळा आहे. ‘त्याचा राहू माझ्या केतूवर बरोबर बसतो, हा जन्मांतरीचा ऋणानुबंध’ हे फार ऐकू येतं. साध्या हिशेबाने पाहा: ज्या दोघांच्या वयात साधारण नऊ-सव्वानऊ वर्षांचं अंतर असतं त्या सगळ्यांच्याच पत्रिकांत हे घडतं. आम्हा दोघांत ते होतं, आणि मीही त्याला जन्मांतरीची खूण मानून बसले होते. तो 1981 चा होता, एवढंच. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांचा राहूही माझ्या केतूवरच होता. राहूवर राहू हेही तसंच, समवयस्कांत सर्रास आढळतं. म्हणून राहू-केतूची आपसांतली जुळणी बाजूला ठेवा आणि फक्त चंद्र, शुक्र, लग्न आणि सप्तमेश यांचा तुमच्या अक्षाशी संबंध तपासा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. ऋणानुबंध हा शब्द कुणी तुम्हाला मारहाण, धमकी किंवा अपमान सहन करायला लावण्यासाठी वापरत असेल, मग तो ज्योतिषी असो, सासरचा असो की स्वतः जोडीदार, तर पत्रिका मिटा आणि तुमच्या भरवशाच्या माणसाकडे जा. कोणत्याही घरातला कोणताही राहू ‘इथेच राहा’ असं सांगत नाही. मी अशा दोन बायकांच्या पत्रिका पाहिल्या आहेत. दोघींनाही ‘हे ऋण फेडल्याशिवाय सुटका नाही’ असं सांगितलेलं होतं. दोघींच्या पत्रिकांत 1-7 अक्ष होता, आणि तो दर सहांत एकाच्या असतो हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

## 12. पुढच्या तारखा आजच लिहून ठेवा

मागच्या घटना पत्रिकेशी जुळवणं सोपं असतं. खरी परीक्षा पुढच्यांची. तुमच्या राहूचा किंवा केतूचा अंश घ्या, गोचर राहू त्यावर केव्हा येतो ते ॲपमध्ये पाहा, आणि त्या काळाबद्दल दोनच वाक्यं लिहा, ती चूक ठरू शकतील इतकी स्पष्ट. ‘नात्यात काही बदल होतील’ असं लिहू नका, बदल तर रोजच होतात.

माझी दोन वाक्यं लिहून झाली आहेत. डिसेंबर 2026 मध्ये राहू मकरेत येतो, माझ्या सप्तमात, आणि जन्मस्थ राहूच्या अंशावर 2027 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. पहिलं वाक्य: ‘वेगळ्या भाषेच्या माणसाची ओढ पुन्हा वाटेल, आणि ती बोलण्यातून सुरू होईल.’ दुसरं: ‘या वेळी काय जेवायचं ते मी ठरवेन.’ पान दुमडून ठेवलं आहे, 2028 च्या मध्याला राहू मकर सोडेल तेव्हा उघडीन.